औषधाच्या पुड्यावरची मराठी आणि बनावट माल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले कापूस आणि केळी उत्पादक फवारणीच्या हंगामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं कीटकनाशकांच्या बाटल्या आणि पुड्यांबद्दल आहेत, कारण मराठी आणि हिंदी मजकूर सर्वांत जास्त त्यांच्यावरच असतो. बियाणं आणि किराणा मालाचे प्रश्न शेवटी आहेत.

१. लेबलवर शुद्धलेखनाची चूक दिसली म्हणजे औषध बनावट आहे, असं समजायचं का?

नाही. चांगल्या कंपन्यांच्या लेबलांवरही मराठीच्या चुका असतात. मूळ मजकूर इंग्रजीत तयार होतो, भाषांतर कुठेतरी तिसरीकडे होतं आणि छपाईआधी मराठी वाचणारा माणूस तो पाहीलच असं नाही. म्हणून चूक मोजण्यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे ते पाहायचं.

चुकांचे चार प्रकार करून त्यांना वेगवेगळं वजन द्या. कायद्याने आवश्यक असलेली माहितीच नसणं सर्वांत गंभीर (प्रश्न ६). त्याखालोखाल एकाच पुड्यावरच्या दोन ठिकाणच्या मजकुराचा मेळ नसणं (प्रश्न ७ आणि ८). तिसऱ्या क्रमांकावर मराठी माणूस कधीच करणार नाही अशा चुका (प्रश्न ३). आणि आपण सगळेच करतो त्या चुकांना या कामात वजन शून्य.

२. मग कोणत्या चुका सोडून द्यायच्या?

ऱ्हस्व-दीर्घाच्या. ‘पीक’ऐवजी ‘पिक’, ‘दूर ठेवा’ऐवजी ‘दुर ठेवा’, ‘कीटकनाशक’ऐवजी ‘किटकनाशक’ हे दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांतही सापडतं. अनुस्वार राहून जाणं त्यातलंच.

‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द ‘शेतकर्यांनी’ असा छापलेला दिसला, तर तोही सोडून द्या. ‘ऱ्य’ मराठीची खास खूण आहे, पण बऱ्याच टंकलेखन साधनांत ती सहज उमटत नाही. त्यामुळे अस्सल लेबलांवरही ती सर्रास चुकलेली असते.

‘शेतकरी बंधुंनो’ किंवा ‘वापरन्या पूर्वी’ असं काही दिसलं, तर वाईट वाटेल, पण तेवढ्यावरून पुडा परत करायला जाऊ नका. दुकानदार हसेल आणि पुढची खरी तक्रारही तो ऐकून घेणार नाही.

३. मराठी माणूस करणार नाही अशा चुका म्हणजे कोणत्या?

पहिली आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे ‘ळ’ गायब होणं. ‘बोंडअळी’चं ‘बोंडअली’, ‘केळी’चं ‘केली’, ‘पाण्यात मिसळा’चं ‘मिसला’, ‘सकाळी’चं ‘सकाली’. आजच्या प्रमाण हिंदीत ‘ळ’ वापरात नाही, त्यामुळे फक्त हिंदी जाणणारा टंकलेखक नकळत ‘ल’ मारतो. आपल्याकडे अहिराणी आणि तावडी बोलणारा माणूस ‘केळी’ला ‘केयी’ म्हणेल, ‘जळगाव’ला ‘जयगाव’ म्हणेल, पण ‘केली’ त्याच्या तोंडातून निघणार नाही. गुजरातीतही ‘ळ’ आहे, म्हणून गुजराती टंकलेखकही सहसा इथे चुकत नाही. ‘ळ’ एका शब्दात चुकला असेल, तर तो हातचुकीचा प्रकार समजा. पूर्ण मराठी मजकुरात एकही ‘ळ’ नसेल, तर तो मजकूर मराठी येणाऱ्या कोणाच्याही नजरेखालून गेलेला नाही.

दुसरी खूण म्हणजे दिसायला सारख्या अक्षरांची अदलाबदल: ध आणि घ, भ आणि म, ष आणि प, थ आणि य, ब आणि व. ‘धोकादायक’चं ‘घोकादायक’, ‘विषारी’चं ‘विपारी’, ‘औषध’चं ‘औषघ’. ऐकून किंवा समजून लिहिणारा ‘विपारी’ लिहीत नाही. अस्सल लेबलचा फोटो समोर ठेवून अक्षरांचं फक्त चित्र पाहत टाइप करणाराच ही चूक करतो. नकल करणाऱ्याला मूळ लेबलची फाइल मिळालेली नसते, छापील पुडा मिळालेला असतो, आणि त्यावरचा बारीक मजकूर पुन्हा टाइप करताना हे घडतं. म्हणून अशा चुका मोठ्या अक्षरांतल्या नावात शोधू नका. त्या मागच्या बाजूच्या सर्वांत बारीक ओळींत असतात.

तिसरी खूण व्याकरणाची. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘हे औषध’चं ‘हा औषध’ होतं, आणि हिंदीतला ‘छिड़काव’ पुल्लिंगी, म्हणून ‘फवारणी करावी’चं ‘फवारणी करावा’ होतं. शिवाय मराठीत विभक्ती लागण्याआधी शब्दाचं रूप बदलतं आणि प्रत्यय जोडून लिहिला जातो. ‘मुलांपासून’ऐवजी ‘मुले पासून’, ‘पाण्यामध्ये’ऐवजी ‘पाणी मध्ये’, ‘पिकावर’ऐवजी ‘पीक वर’ अशी वाक्यं ओळीमागून ओळी आली, तर मजकूर शब्दाला शब्द ठेवून उलथवलेला आहे. ही खूण पहिल्या दोन खुणांइतकी पक्की नाही, कारण स्वस्तात भाषांतर करून घेणारी अस्सल कंपनीही हेच करते. पण ती अक्षरांच्या अदलाबदलीसोबत आली, तर पुडा वापरण्याआधी प्रश्न ६ ते ८ मधली तपासणी कराच.

४. चौकोनात ‘धोखा’ लिहिलंय. हा शब्द बरोबर आहे का?

मराठीत नाही. मराठीत संकटाला ‘धोका’ म्हणतात. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, आणि संकटासाठी शब्द ‘खतरा’. म्हणजे हिंदी ओळीत ‘खतरा’ आणि मराठी ओळीत ‘धोका’ हवं. ‘धोखा’ दोन्हींत बसत नाही.

पण शब्दापेक्षा शब्द आणि रंग यांची जोडी पाहा, कारण ती नियमाने ठरलेली आहे. लेबलवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचे आडवे दोन त्रिकोण पडतात. खालचा त्रिकोण रंगाचा, वरचा शब्दाचा. खाली लाल असेल, तर वर कवटी-हाडं आणि ‘विष’. खाली पिवळा, तर ‘विष’, पण कवटी नाही. खाली निळा, तर ‘धोका’. खाली हिरवा, तर ‘सावधान’. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा असावा लागतो. निळ्या त्रिकोणावर ‘विष’ किंवा पिवळ्यावर ‘सावधान’ दिसलं, तर ती शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडता येत नाही. बनावट पुड्यांत हा गोंधळ होतो, कारण एका औषधाच्या लेबलचा सांगाडा दुसऱ्यासाठी वापरला जातो: रंग बदलला जातो, शब्द तसाच राहतो.

५. अक्षरं तुटलेली आहेत. पाय मोडके दिसतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर आहे, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ आहे. हे काय आहे?

हा छपाईच्या संगणकाचा दोष आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसली, की जोडाक्षर जुळत नाही. ‘शक्ती’ शब्दात ‘क’चा पाय मोडलेला दिसतो आणि ‘त’ सुटा उभा राहतो, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते आणि रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो. जुन्या फाँटमधला मजकूर नव्या फाँटमध्ये उघडला, तरी असंच काहीसं होतं. अस्सल कंपन्यांचेही हजारो पुडे असे छापून गेलेले असतात.

त्यामुळे इथे तुलना करावी लागते. त्याच औषधाचा गेल्या हंगामातला रिकामा पुडा किंवा दुसऱ्या दुकानातला पुडा शेजारी ठेवा. दोन्हींवर तोच शब्द तसाच मोडलेला असेल, तर तो कंपनीचा जुना दोष. एकावर अक्षर नीट आणि दुसऱ्यावर मोडकं असेल, तर मजकूर पुन्हा टाइप झालेला आहे. कंपनीने लेबल बदललं असणंही शक्य आहे. म्हणून निकाल इथेच न देता प्रश्न ६ कडे जा.

६. कीटकनाशकाच्या लेबलवर काय असलंच पाहिजे?

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनुसार उत्पादकाचं नाव आणि पत्ता, औषधाचं नाव, नोंदणी क्रमांक, क्रियाशील घटक आणि त्याचं टक्क्यांतलं प्रमाण, निव्वळ वजन किंवा माप, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख, विषबाधेवरचा उतारा आणि प्रश्न ४ मधला चौकोन हवाच. सोबत घडीचं माहितीपत्रक लागतं. लेबल आणि माहितीपत्रक हिंदीत, इंग्रजीत आणि माल जिथे विकला जाणार तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावं लागतं.

यातल्या तीन गोष्टी नकली पुड्यांवर बहुतेक वेळा उघड्या पडतात. पहिली, नोंदणी क्रमांक. तो सहसा CIR या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यातच वर्ष, रसायनाचं नाव आणि औषधाचा प्रकार (एसजी, ईसी, एससी) गुंफलेला असतो. म्हणून तो नुसता आहे का हे पाहून थांबू नका, वाचा. पुढे एका रसायनाचं नाव आणि क्रमांकात दुसऱ्याचं, असं आढळतं.

दुसरी, बॅच आणि तारखा. बॅच दर लॉटला बदलते, म्हणून ती लेबल छापून झाल्यावर वेगळ्या यंत्राने, वेगळ्या शाईत मारली जाते. बॅच क्रमांक बाकी मजकुराच्याच शाईत, त्याच टाइपात आणि अगदी सरळ रेषेत बसलेला असेल, तर तो लेबलसोबतच छापलेला आहे. वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या दोन पुड्यांवर तोच क्रमांक निघाला, तर शंका पक्की करा.

तिसरी, पत्ता. जळगाव शहराचा पिन ४२५००१, धुळ्याचा ४२४००१, नंदुरबारचा ४२५४१२. महाराष्ट्रातले पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, गुजरातचे ३६ ते ३९ ने. ‘जि. जळगाव’ लिहून पुढे ३९५ ने सुरू होणारा पिन आला, तर तो सुरतकडचा. तसंच ‘एमआयडीसी, अंकलेश्वर’ असं काही नाही, गुजरातेत जीआयडीसी असते. पत्त्यात गाव आणि पिन आहेत, पण प्लॉट किंवा गट क्रमांक नाही, असं दिसलं तरी नीट चौकशी करा.

७. एकाच रसायनाचं नाव एका पुड्यावर ‘इमामेक्टिन बेंझोएट’ आणि दुसऱ्यावर ‘एमामेक्टिन बेन्जोएट’ आहे. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. परदेशी रसायनांच्या नावांचं देवनागरीत एकच ठरलेलं रूप नाही. शिवाय मराठीत ‘झ’ लिहितात तिथे हिंदीत ‘ज’ येतो. ‘ॲसिफेट’ आणि ‘एसीफेट’ हाही तसाच फरक.

पण हा मोकळेपणा दोन कंपन्यांमध्ये किंवा दोन भाषांमध्ये चालतो, एकाच पुड्याच्या एकाच भाषेत नाही. पुढच्या मराठी ओळीत ‘इमामेक्टिन’, बाजूच्या मराठी ओळीत ‘ईमामॅक्टीन’ आणि माहितीपत्रकात ‘एमामेक्टीन’ असेल, तर मजकूर तीन वेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेला आहे. नकली पुड्यात माहितीपत्रक दुसऱ्याच कंपनीचं छायाप्रत केलेलं असतं, त्यामुळे अशा ठिकाणी शिवण दिसते.

८. मराठी आणि इंग्रजी भागांतले आकडे वेगळे आहेत. कोणते धरायचे?

कोणतेच नाही. त्या पुड्यातलं औषध पंपात टाकू नका.

आकडे भाषेवर अवलंबून नसतात, म्हणून माहितीपत्रकात तपासायला ही सर्वांत सोपी आणि सर्वांत भक्कम जागा आहे. देवनागरीत १ आणि ९ यांची गफलत होते, ५ आणि प सारखे दिसतात, टक्क्यातला दशांश टिंब गळून पडतो. इंग्रजी न वाचता येणारा माणूसही दोन तक्त्यांतले आकडे बोट ठेवून जुळवू शकतो.

इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजीचं उदाहरण घ्या. कपाशीतल्या बोंडअळ्यांसाठी त्याची मात्रा हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाला ती साधारण ६ ग्रॅम पडते. मराठी तक्त्यात ‘१९०’चं ‘११०’ झालं, तर किडीवर परिणाम होणार नाही. ‘९९०’ झालं, तर पाचपट औषध जाईल. आणि ‘हेक्टरी’च्या जागी ‘एकरी’ छापलं, तर अडीचपट. शेवटची चूक सर्वांत कमी लक्षात येते, कारण आकडे जुळतात आणि एकच शब्द बदललेला असतो.

९. एक पुडा समोर ठेवून सुरुवातीपासून तपासायचा तर कसा?

समजा, १०० ग्रॅमचा इमामेक्टिन ५ टक्के एसजीचा पुडा आहे. तो फोडू नका. फोन घ्या, पुढची, मागची आणि शिवणीची बाजू उजेडात टिपा आणि मग फोटो मोठा करून वाचा, कारण नुसत्या डोळ्यांना बारीक ओळी फसवतात.

पुढे नाव मोठं आणि नीट आहे, ‘इमामेक्टिन बेंझोएट ५% एसजी’. इथे काहीच सापडत नाही, आणि सहसा सापडतही नाही. मागे पहिल्या ओळीत ‘लहान मुलां पासुन दुर ठेवा’. ऱ्हस्व-दीर्घ आणि सुटा प्रत्यय, दोन्ही सोडून द्या. तिसऱ्या ओळीत ‘कपाशीवरील बोंडअली’. आता बाकीचे ‘ळ’ शोधा: ‘सकाळी’, ‘मिसळून’, ‘वेळी’. ते ‘सकाली’, ‘मिसलून’, ‘वेली’ असे निघाले. पाचव्या ओळीत ‘विपबाधा झाल्यास’. ही अक्षर पाहून टाइप केल्याची खूण. इथपर्यंत संशय आहे, पुरावा नाही.

आता उताऱ्याची ओळ. तिथे ‘ॲट्रोपिन द्यावे’ असं आहे. ॲट्रोपिन हा ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांच्या विषबाधेवरचा उतारा, उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस. इमामेक्टिन त्या गटात येत नाही, त्यावर लक्षणांनुसार उपचार करतात. म्हणजे हा परिच्छेद दुसऱ्याच औषधाच्या लेबलवरून उचलला आहे. विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना हाच पुडा डॉक्टरांना दाखवला जातो, म्हणून सगळ्या चुकांत ही सर्वांत वाईट.

मग नोंदणी क्रमांक: CIR आहे, वर्ष आहे, पण रसायनाचं नाव नाही, नुसते अंक आहेत. बॅच क्रमांक लेबलच्याच काळ्या शाईत. पिन कोड पाच अंकी.

शुद्धलेखनाच्या चुका बाजूला काढल्या तरी उतारा, नोंदणी, बॅच आणि पिन या चार गोष्टी उरतात. तक्रारीत त्याच लिहायच्या. ‘मराठी अशुद्ध आहे’ हे कारण कार्यालयात टिकत नाही, ‘उतारा चुकीच्या गटाचा आहे’ हे टिकतं.

१०. नवापूर, तळोदा भागात गुजराती लेबलचा माल मिळतो, चोपडा-शिरपूरकडे फक्त हिंदीचा. मराठी नाही म्हणजे बनावट का?

आतला माल खरा असू शकतो. तो गुजरात किंवा मध्य प्रदेशासाठी छापला गेला आणि सीमेपलीकडून इकडे आला, एवढंच त्यावरून कळतं. पण नियम विक्रीच्या भागातली भाषा मागतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या दुकानात तो पुडा मराठीशिवाय विकणं बरोबर नाही.

दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: पक्कं बिल देणार का, आणि त्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र त्याच्या परवान्यात आहे का. बिलावर औषधाचं नाव, बॅच आणि अंतिम तारीख लिहून मागा. बिल नाकारलं, तर भाषा कोणतीही असो, तो पुडा घेऊ नका. गावात गाडीवरून किंवा घरपोच येणाऱ्या मालाला हे आणखी कडक लावा.

११. नामांकित ब्रँडच्या नावात एकच अक्षर वेगळं आहे, बाकी पुडा डिट्टो. ही छपाईची चूक का?

नाही, ती मुद्दाम केलेली असते. वेलांटी बदलतात, ‘न’चा ‘ना’ करतात, शेवटी ‘प्लस’ किंवा ‘गोल्ड’ जोडतात, रंग आणि चित्र तेच ठेवतात. पकडले गेले तर ‘आमचं नाव वेगळं आहे’ म्हणायला जागा राहते.

अशा मालाचा मराठी मजकूर कधी कधी स्वच्छ असतो, कारण तो छापणारी कंपनी खरोखर असते. म्हणून प्रश्न ३ च्या खुणा इथे चालत नाहीत. उत्पादकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक वाचा. दुसऱ्या कीटकनाशकाची नक्कल करणं किंवा त्याच्या नावाने विकणं हे कायद्याने ‘मिसब्रँडिंग’ आहे, आतलं रसायन बरोबर भरलेलं असलं तरीही. दुकानात नाव बोलून मागू नका, रिकामा पुडा दाखवून मागा.

१२. बाटलीवर ‘जैविक’, ‘बिनविषारी’, ‘शंभर टक्के सुरक्षित’ लिहिलंय आणि नोंदणी क्रमांक नाही. चालेल का?

किडीचं नाव लिहून विकत असतील, तर नाही. निंबोळीवर आधारित ॲझाडिरॅक्टिन, बिव्हेरिया, ट्रायकोडर्मा ही जैविक औषधंही कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे दावे तर नियमांनी लेबलवर छापायलाच बंदी आहे, ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास’ अशी पुस्ती जोडली तरी. त्यामुळे हे शब्द कितीही शुद्ध छापले असले, तरी ती चूकच.

१३. मजकुरात एकही चूक नाही. आता निर्धास्त व्हायचं का?

नाही. अस्सल बाटली गोळा करून तिच्यात दुसरं काही भरलं, तर लेबल अस्सलच राहतं. तिथे झाकणाचं सील, झाकणाखालचा पापुद्रा आणि खोका-बाटली यांच्यावरची बॅच जुळते का ते पाहा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नुसती कंपनीची वेबसाइट उघडून उपयोग नाही. कोड बॅचची माहिती देत असेल, तर ती हातातल्या बाटलीशी जुळली पाहिजे.

रिकाम्या बाटल्या तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, आणि बाटलीला भोकं पाडा. भंगारवाल्याकडे गेलेली धड बाटली पुन्हा भरून येण्याची वाट त्याने बंद होते.

१४. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाला हेच लागू होतं का?

भाषेच्या खुणा तशाच, आवश्यक माहिती वेगळी. बीटी कपाशीचं पाकीट ४७५ ग्रॅमचं असतं. त्यावर वाणाचं नाव, लॉट क्रमांक, उगवण आणि शुद्धतेचे टक्के, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख आणि उत्पादकाचं नाव-पत्ता हवं. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं, सत्यप्रत बियाण्याचं हिरवं. कापसाच्या संकरित वाणाची उगवण किमान ७५ टक्के लागते. ‘७५’च्या जागी ‘९५’ छापून भुलवणाऱ्या पाकिटापेक्षा, चाचणीची तारीखच नसलेलं पाकीट जास्त धोक्याचं.

तणनाशक मारलं तरी न जळणारं म्हणून जे एचटीबीटी बियाणं फिरतं, त्याला भारतात परवानगी नाही. त्याच्या पाकिटावर मराठी किती शुद्ध आहे हे पाहण्यात अर्थ नाही. त्या पाकिटामागे कोण उभं आहे हेच लिहिलेलं नसतं, मग उगवलं नाही तर दाद कोणाकडे मागणार?

१५. चहा, तेल, साबण यांच्या पुड्यांवर मराठी नसेल तर?

ती खूण धरू नका. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत दिली तरी चालते, मराठीची सक्ती नाही. तिथे उत्पादकाचा पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क पाहा. खाद्यपदार्थ असेल, तर १४ अंकी परवाना क्रमांक मोजा. १३ किंवा १५ अंक निघाले, तर पुढे वाचायची गरज नाही. अक्षरांच्या अदलाबदलीची खूण (प्रश्न ३) मात्र इथेही तशीच लागू पडते.

१६. संशय पक्का झाला. आता काय करायचं, आणि पुडा फोडला असेल तर?

न फोडलेला पुडा असेल, तर तो तसाच ठेवा. नमुना कीटकनाशक निरीक्षकच घेतो. त्याचे तीन भाग होतात, किंवा लहान पुडे असतील तर तीन पुडे घेतले जातात: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक प्रयोगशाळेला, एक न्यायालयासाठी. म्हणून निरीक्षकाला दुकानातला त्याच बॅचचा बंद माल सापडणं महत्त्वाचं. दुकानात आधी भांडण करू नका, कारण संध्याकाळपर्यंत तो माल तिथे राहत नाही.

तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दुकानाचं नाव, बिल क्रमांक, बॅच, अंतिम तारीख आणि सापडलेल्या विसंगती प्रत्येकी एका ओळीत लिहा. बिल आणि फोटोंच्या प्रती जोडा, मूळ बिल स्वतःकडे ठेवा. कोणाकडे जायचं ते कळत नसेल, तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारता येतं. पैशांची भरपाई हवी असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फोडलेला पुडा पुरावा म्हणून कमजोर पडतो, कारण आत काही मिसळलं का, हा प्रश्न लगेच येतो. तरी तो फेकू नका. राहिलेलं औषध त्याच पुड्यात, तोंड बांधून, मुलं आणि जनावरं यांच्यापासून लांब ठेवा आणि फवारणी थांबवा. फवारलेल्या क्षेत्राचे, तारखेसह फोटो काढा आणि शेजारी न फवारलेली एखादी ओळ असेल, तर तिचाही. अर्जासोबत हे फोटो आणि लेबलवरच्या विसंगती गेल्या, की निरीक्षकाला दुकानातल्या उरलेल्या बंद मालाकडे जायला कारण मिळतं.